रात्री कापलेला कांदा आणि सॅलड सकाळच्या नाश्त्याला: कसं ठेवायचं आणि किती वेळ चालतं

मे महिन्यात चाकरमानी आले की घरात एकदम बारा-पंधरा माणसं होतात, सकाळी साडेसात-आठला सगळ्यांना नाश्ता हवा असतो, मग मिसळ असो नाहीतर घावन-उसळ, वर कांदा लागतोच. त्यामुळे रात्री जेवणं आटपली की कांदा कापून ठेवायचा ही पद्धत बहुतेक घरांत आणि होमस्टेंमध्ये आहे. यात चुकीचं काही नाही. चूक होते ती तास मोजण्यात. लोक विचारतात की रात्री दहाला कापलेला कांदा सकाळी आठला चालेल का, म्हणजे दहा तास चालतील का. पण चालू असलेल्या चांगल्या फ्रीजमधले दहा तास काहीच त्रास देत नाहीत, आणि ओट्यावरचे तीन तास देऊ शकतात. म्हणून पूर्ण लेखात एकच हिशोब धरून चला: कापल्यापासून ताटात पडेपर्यंत कांदा फ्रीजच्या बाहेर एकूण किती वेळ होता.

मर्यादा अशी. बाहेरचा सगळा वेळ मिळून २ तास. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास. फ्रीजच्या आत ४ अंश किंवा त्याहून कमी असायला हवं. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा उकाडा असतो आणि चूल किंवा दोन शेगड्या पेटल्या की स्वयंपाकघर ३२ च्या वर सहज जातं, त्यामुळे सकाळच्या गडबडीत मी १ तासच धरते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते कारण दरवर्षी तो मेसेज फिरत येतो, की कापलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो आणि रात्रभरात विषारी होतो. असं काही होत नाही. कांदा जंतू ओढत नाही. जंतू येतात ते हातावरून, विळीवरून, फडक्यावरून आणि धुवायच्या पाण्यातून. कांदा कापला की त्याचा रस सुटतो, ओल होते, आणि आलेल्या जंतूंना ऊब मिळाली की ते वाढतात. कांदा तिखट असला तरी जंतू थांबतील इतका आंबट नसतो. काकडीही नसते.

## १. आधी ठरवा: काय रात्री कापायचं आणि काय नाही

सगळं एकाच डब्यात कापून ठेवणं ही पहिली चूक.

कांदा: सोलून अख्खा फ्रीजमध्ये ठेवणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग. वेळ जातो तो सोलण्यात, कापण्यात नाही. सोललेले सात-आठ कांदे सकाळी दहा मिनिटांत कापून होतात, आणि थंड कांदा डोळ्यांना कमी झोंबतो. ते जमणार नसेल तर उभ्या फोडी किंवा चकत्या कापून ठेवा. मिसळीवर घालायचा बारीक चिरलेला कांदा मात्र रात्री चिरू नका, त्याला सगळीकडून रस सुटतो आणि सकाळी तो उग्र, कडवट लागतो.

काकडी: रात्री कापली तर सकाळी पाणी सुटून मऊ पडते. धुऊन, पुसून अख्खी ठेवा. कापलीच तर फ्रीजमध्ये आणि सकाळच्याच जेवणात संपवायची.

टोमॅटो: रात्री कापू नका. लोकांना वाटतं आंबट आहे म्हणून टिकेल, पण कापलेला टोमॅटो बाहेर राहिला तर त्यावर जंतू वाढतात, त्याला कांद्याचेच नियम लागतात.

गाजर, बीट: किसून किंवा कापून फ्रीजमध्ये रात्रभर नीट राहतात, फक्त बीट वेगळ्या डब्यात.

कोथिंबीर: धुऊन पूर्ण सुकवून, न चिरता.

ओलं खोबरं, दही, मीठ, लिंबू, शेंगदाण्याचं कूट यातलं काहीही रात्री मिसळायचं नाही. कोशिंबीर तयार करून ठेवणं म्हणजे सगळ्यात नाजूक वस्तू ठेवणं. ओलं खोबरं तर आपल्या दमट हवेत दोन-तीन तासांतच आंबूस वास सोडायला लागतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मीठ घातलं की भाजीचं पाणी सुटतं आणि मग त्या पाण्यात सगळं पोहत राहतं.

> तपासा: फ्रीज नसेल, किंवा बिघडलेला असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. कांदा न सोलता टोपलीत ठेवा आणि सकाळी कापा.

## २. फ्रीज खरंच थंड आहे का ते बघा

हे काम कापायच्या आदल्या दिवशी करायचं, कारण पाहुणे आले की फ्रीजची अवस्था बदलते. पाण्याच्या बाटल्या, आंब्याचा रस, मासळीचे डबे, दूध, आणि दार दर पाच मिनिटांनी उघडतं. बटण ३ वर आहे म्हणजे आत ३ अंश आहे असं नाही, तो फक्त कमी-जास्तीचा आकडा आहे.

फ्रीजचा साधा थर्मामीटर बाजारात मिळतो. तो पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ किंवा कमी दाखवला तर ठीक. ७-८ दाखवला तर बटण वाढवा, बाटल्या कमी करा, आतली हवा फिरेल एवढी जागा सोडा आणि पुन्हा बघा.

दारातल्या खणात कापलेलं काहीच ठेवू नका, ती फ्रीजमधली सगळ्यात गरम जागा. मासळीचा डबा सगळ्यात खाली, कांदा-सॅलड त्याच्या वरच्या कप्प्यात. उलटं ठेवलं आणि बांगड्याचं पाणी गळलं तर ते सरळ सकाळी कच्च्या खायच्या वस्तूवर पडतं.

## ३. विळी, सुरी आणि हात: मासळीचा प्रश्न

किनाऱ्यावरच्या घरात हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि शहरातल्या लेखांत तो सापडत नाही. संध्याकाळी त्याच आडाळ्यावर मासे कापले, पाण्याने खळबळले, आणि रात्री त्यावरच कांदा. समुद्रातल्या मासळीवर व्हिब्रिओ नावाचे जंतू नैसर्गिकपणेच असू शकतात. मासे शिजले की ते मरतात. पण कांदा कच्चा खाल्ला जातो, त्याला वाचवणारं पुढे काहीच नाही. जुलाब, पोटात मुरडा, उलट्या, ताप, आणि हे बहुतेकदा एका दिवसाच्या आत सुरू होतं, त्यामुळे लोक दोष देतात रात्रीच्या माशांना, आणि खरं कारण सकाळचा कांदा असू शकतो.

क्रम असा ठेवा:

१. कच्चं खायचं ते आधी कापा, डब्यात घालून फ्रीजमध्ये टाका, मासे नंतर. दिवसाचा क्रम असा बसत नसेल तर कांद्या-काकडीला वेगळी सुरी आणि वेगळा पाट ठेवा, मासळीला आडाळो.

२. एकच विळी असेल तर आधी साबणाने घासा, पात्याचा आणि लाकडाचा जो सांधा असतो तिथे ब्रशने, मग उकळतं पाणी ओता आणि कोरडी होऊ द्या. नुसतं पाण्याने खळबळणं पुरेसं नाही.

३. हात साबणाने, नखांसकट. बोट कापलेलं असेल, पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी कापावं. त्या जखमेतल्या जंतूंचं विष शिजवल्यावरही जात नाही.

४. ओट्यावरचं फडकं वापरू नका. दिवसभर ज्याने ओटा पुसला त्यानेच पाट पुसला तर वरची सगळी मेहनत गेली.

> सावधान: मासळीचा वास जावा म्हणून लिंबू चोळतात. वास जातो, पण तेवढ्याने विळी स्वच्छ झाली असं धरू नका.

## ४. धुणं आणि कापणं

कांद्याच्या सालीवर पावसाळी हवेत काळी पूड दिसते, ती बुरशी असते. सालीपुरती असेल तर साल आणि खालचा एक पापुद्रा काढा आणि कांदा धुवा. आत पापुद्र्यांमध्ये शिरली असेल किंवा मान मऊ लागत असेल तर तो कांदा रात्रभर ठेवायला घेऊच नका.

धुणं कापायच्या आधी, कापल्यावर नाही. कापल्यावर धुतलं तर ओल आत राहते. आणि पाणी पिण्याचं घ्या. विहिरीचं पाणी असेल आणि पाऊस सुरू झाला असेल, तर उकळून गार केलेलं पाणी वापरा. गढूळ पाण्याने धुतलेली काकडी न धुतलेल्या काकडीपेक्षा वाईट ठरू शकते. धुतल्यावर स्वच्छ कोरड्या कापडाने पुसा, पूर्ण.

सुरी धारदार हवी. बोथट सुरी कांदा चेचते, रस जास्त सुटतो, सकाळी तोच रस कडवट आणि वास मारणारा होतो. रात्रभर ठेवायच्या कांद्याला मुळाकडून शेंड्याकडे उभ्या फोडी बऱ्या, त्यात कांदा कमी चेचला जातो. फार पातळ नको, फोड हातात धरली तर सरळ उभी राहील एवढी जाड. पातळ पारदर्शक चकत्या दिसतात छान पण त्या सकाळी कापा.

शेजारच्या काकी सांगतात तशी पद्धत बऱ्याच घरांत आहे, "पाण्यात घालून ठेव गो, काळो पडूचो नाय". कांदा पाण्यात घालून रात्रभर ओट्यावर ठेवणं ही या सगळ्यातली सगळ्यात धोक्याची सवय. त्या पाण्यात कांद्याची साखर उतरते, ऊब असते, आणि आठ-नऊ तास मिळतात. पाण्यात टाकायचाच असेल तर तिखटपणा कमी करायला सकाळी दहा मिनिटं, बर्फाच्या पाण्यात, आणि लगेच निथळून वाढायचा.

## ५. डबा भरणं

झाकण घट्ट बसणारा स्टीलचा किंवा काचेचा डबा. तळाशी कागदी नॅपकिन किंवा स्वच्छ सुती कापड, ते सुटलेला रस शोषून घेतं. कांद्याचा थर दोन इंचांपेक्षा उंच नको. मोठ्या टोपात एक किलो कांदा दाबून भरला तर मधला भाग थंड व्हायला फार वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो बाहेर असल्यासारखाच असतो. दोन-तीन उथळ डबे करा. पितळेचं, ॲल्युमिनियमचं भांडं नको. नुसती ताटली झाकणंही नको, सगळ्या फ्रीजला वास लागेल आणि सकाळचा चहा कांद्याचा होईल.

डबा भरला की लगेच फ्रीजमध्ये. आधी भांडी घासते मग ठेवते असं नको. झाकणावर कापल्याची वेळ पेनाने लिहा, घरात चार माणसं काम करत असतील तर हाच एक उपाय, नाहीतर परवाचा डबा आणि कालचा डबा ओळखता येत नाही.

व्हिनेगरचा कांदा हा वेगळा प्रकार, तो जास्त बिनधास्त. निम्मं खाण्याचं व्हिनेगर, निम्मं उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर मीठ, आणि कांदा पूर्ण बुडायला हवा, वर तरंगता कामा नये. तोही फ्रीजमध्येच ठेवायचा. लिंबाचे चार थेंब किंवा वरून शिंपडलेलं आगळ हे चवीला छान, पण त्याने कांदा टिकतो असं समजू नका.

## ६. रात्री लाइट गेली तर

वाऱ्या-पावसात तारेवर फांदी पडली की आपल्याकडे रात्र रात्र लाइट नसते. दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण ४ तास थंडावा धरतो. बघायला म्हणून दार उघडू नका, जितक्या वेळा उघडाल तितके हे तास कमी होतात. घरात इन्व्हर्टर असेल तर पंखा-दिवा चालू राहतो आणि फ्रीज बंद पडलाय हे कळतच नाही, बहुतेक घरांत फ्रीज इन्व्हर्टरवर नसतो.

झोपेत लाइट फार वेळ गेली होती का ते कळायला एक सोपी युक्ती आहे. फ्रीझरमध्ये छोट्या वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक नाणं ठेवा. सकाळी नाणं तळाला गेलेलं दिसलं तर बर्फ वितळला होता, म्हणजे खालचा भाग त्याच्या आधीच गरम झाला होता. अशा वेळी कापलेलं सगळं टाकायचं. नाणं वर असेल तरी थर्मामीटर बघा, कारण खालचा कप्पा फ्रीझरच्या आधी तापतो.

> तपासा: ४ तासांपेक्षा जास्त लाइट नव्हती, किंवा सकाळी आत ४ च्या बरंच वर आहे आणि कधीपासून ते माहीत नाही, तर कापलेला कांदा-सॅलड टाका. न कापलेला, न सोललेला कांदा चालतो.

## ७. एक रात्र हिशोबासकट

पंधरा माणसं, सकाळी ८ ला घावन-उसळ. माणशी मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम कांदा धरला तर पाऊण किलो, मध्यम आकाराचे सात-आठ कांदे.

रात्री ९:३० ला सोलून, धुऊन, पुसून कापायला सुरुवात. पहिली फोड ९:३५ ला पडली, १० वाजता तीन उथळ डबे फ्रीजमध्ये. बाहेरचा वेळ २५ मिनिटं.

रात्री १ ते ३:३० लाइट नव्हती, अडीच तास, दार कुणी उघडलं नाही. सकाळी थर्मामीटर ४ वर. हे तास धरायचे नाहीत.

सकाळी ७:४५ ला एकच डबा बाहेर काढला. चुलीमुळे आत उकाडा, म्हणून १ तासाचा नियम. रात्रीची २५ मिनिटं वजा केली तर उरली ३५, म्हणजे हा डबा ८:२० पर्यंत. पहिली पंगत ८:१५ ला उठली, वाटीत उरलेला कांदा काढून टाकला, दुसऱ्या पंगतीला दुसरा डबा. तिसरा डबा साडेनऊला उठणाऱ्या पोरांसाठी आतच होता, आणि तो तेव्हाही तितकाच चांगला.

आता हेच सगळं एका मोठ्या पातेल्यात असतं तर? ७ ला बाहेर काढलं, टेबलावर मध्ये ठेवलं, ज्याला हवं त्याने उठेल तसं घेतलं, १० वाजता शेवटचा माणूस जेवला. बाहेरचा वेळ ३ तास २५ मिनिटं, उकाड्यात. कांदा तोच, फ्रीज तोच, रात्र तीच.

डब्यातही हीच गोष्ट होते. पहाटे पाचला गाडीने मुंबईला निघणाऱ्यांच्या डब्यात भाकरीबरोबर कापलेला कांदा घालतात आणि तो खाल्ला जातो अकराला. रात्रभर फ्रीजमध्ये नीट होता, पण गाडीत सहा तास. त्यांना अख्खा कांदा द्या, वाटेत फोडून खातील.

## ८. सकाळी बघायचं काय

डबा उघडल्यावर फोडी कोरड्या, ताठ आणि कांद्याच्याच वासाच्या हव्यात. कडा थोड्या सुकल्या असतील तर त्याने काही बिघडत नाही. चिकट, बुळबुळीत लागणं, तळाशी गढूळ पाणी, बुडबुडे, आंबूस वास, यातलं एक जरी असलं तरी सगळा डबा टाका, वरचा वरचा निवडून घेऊ नका. धुऊन घेतलेला खराब कांदा चांगला होत नाही.

पण याचा उलटा अर्थ काढू नका. वास येत नाही म्हणजे चांगला, असं नाही. ज्या जंतूंनी माणूस आजारी पडतो त्यातले बरेच ना वास देतात ना रंग. म्हणून आधी घड्याळ, मग नाक.

नियम पाळून ठेवलेला नुसता कांदा फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस सुरक्षित राहू शकतो, पण कच्चा खायला मी दुसऱ्या रात्रीपर्यंतच धरते, त्यानंतर चवही जाते. कापलेली काकडी, टोमॅटो त्याच दुपारपर्यंत. खोबरं-दही घातलेली कोशिंबीर केली तशी खायची.

घरात कुणी गरोदर असेल, लहान बाळ, म्हातारी माणसं, लिव्हरचा आजार किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेलं कुणी असेल, तर त्यांच्या ताटात त्याच वेळी कापलेला कांदा वाढा. लिस्टेरिया नावाचे जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतात, आणि गरोदर बाईला आणि बाळाला त्यांचा धोका मोठा असतो. एक कांदा कापायला मिनिट लागतं.

## ९. उरलेलं

टेबलावरच्या वाटीतलं उरलेलं परत डब्यात ओतू नका. त्यात सगळ्यांचे चमचे आणि हात गेलेले असतात आणि मग आतला चांगला डबाही बिघडतो. ते टाकायचं. फ्रीजमधून बाहेरच न काढलेला डबा मात्र वाया घालवायचं कारण नाही, दुपारच्या वाटपाला खोबऱ्याबरोबर तव्यावर चांगला लाल भाजून घ्या.